उभा फोटो की आडवा? कडेचा माणूस नंतर कापला जाऊ नये म्हणून एवढं करा

फोन उभा धरायचा की आडवा, हे आपण बहुतेक वेळा ठरवतच नाही. फोन हातात जसा आला तसा फोटो निघतो. अडचण येते ती नंतर. तोच फोटो स्टेटसला ठेवायचा असतो, सणाला टीव्हीवर लावायचा असतो आणि वर्षभराने फ्रेम करून भिंतीवर टांगायचा असतो. या तिन्ही जागांचे आकार वेगवेगळे आहेत. आकार जुळला नाही की कुठूनतरी कापावं लागतं, आणि कडेला माणूस उभा असेल तर तोच कापला जातो.

मी इस्लापूरचा. आमच्याकडे पाहुणे आले की फोटो काढायची जागा ठरलेली आहे, ती म्हणजे सहस्रकुंड. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवर, पैनगंगेवरचा हा धबधबा. पावसाळ्यात इथे उभं राहून शेकडो लोक फोन वर करताना दिसतात. धबधबा रुंद, समोर काळा खडक आणि पुढे माणसांची लांब रांग. उभा की आडवा हा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही, म्हणून या लेखात तेच घेतलं आहे.

कॅमेरा आत काय करतो?

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या फोनच्या आत प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, त्याचा आकार बहुतेक फोनमध्ये ४:३ असतो. म्हणजे आडवा धरल्यावर रुंदी ४ भाग आणि उंची ३ भाग. साध्या मोडमध्ये बहुतेक फोन साधारण १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात. हिशोब सोपा जावा म्हणून आपण तो ४००० बाय ३००० पिक्सेल धरू.

आता कॅमेरा उघडा. वरच्या पट्टीत किंवा सेटिंगमध्ये ४:३, १६:९, १:१ आणि 'फुल' असे पर्याय दिसतील. अनेकांना वाटतं की १६:९ किंवा फुल निवडलं की फोटोत जास्त मावतं, कारण अख्खी स्क्रीन भरलेली दिसते. प्रत्यक्षात उलटं होतं. सेन्सर तोच राहतो. फोन फक्त त्याच्या दोन कडा टाकून देतो आणि उरलेला भाग मोठा करून स्क्रीनभर दाखवतो.

किती टाकून देतो ते बघा. फोन आडवा धरून १६:९ निवडलं तर ४००० बाय ३००० मधून ४००० बाय २२५० उरतं. वरचा आणि खालचा मिळून पाव फोटो गेला. रुंदी मात्र एक पिक्सेलनेही वाढली नाही. फोन उभा धरून 'फुल' निवडलं आणि तुमची स्क्रीन २०:९ ची असेल तर ३००० च्या रुंदीतली फक्त १८०० उरते. म्हणजे डावी-उजवीकडचा मिळून ४० टक्के भाग तुम्ही बटण दाबायच्या आधीच गमावला.

पटत नसेल तर घरीच करून बघा. फोन एका जागी टेकवून उभा ठेवा, समोर दार आणि दाराच्या दोन्ही बाजूंची भिंत दिसू द्या. आता ४:३ वरून फुलवर जा. कडेची भिंत स्क्रीनच्या बाहेर गेलेली दिसेल.

म्हणून पहिली सवय ही लावा: फोटो कायम ४:३ वर काढायचा. हवा तो आकार नंतर कापून मिळतो. पण जे टिपलंच नाही ते नंतर कुठून आणणार?

नऊ माणसं आणि १२ बाय ८ ची फ्रेम

आता खरा किस्सा. आमच्या मामाकडची नऊ माणसं सहस्रकुंडला गेली होती. सगळे एका रांगेत उभे राहिले. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून ती रांगेच्या डाव्या टोकाला एका दगडावर बसली. मामेभावाने फोन आडवा धरून झकास फोटो काढला. मागे पूर्ण धबधबा, पुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं. त्याच्या फोनचा कॅमेरा १६:९ वर लावलेला होता.

नंतर मामीला तो फोटो १२ बाय ८ इंचात फ्रेम करायचा होता. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर फोटो कागदाच्या मापात बसवला आणि स्क्रीन फिरवून दाखवली. आजी जवळजवळ नव्हतीच. दगड थोडा दिसत होता आणि एक हात.

त्यात स्टुडिओवाल्याची काही चूक नव्हती. गणित करून बघा. १२ बाय ८ म्हणजे ३:२ चं प्रमाण. फोटोची उंची २२५० पिक्सेल, मग ३:२ साठी रुंदी हवी ३३७५. फोटो होता ४००० रुंद. म्हणजे ६२५ पिक्सेल जादा, दोन्ही बाजूंनी साधारण ३१२. नऊ माणसं ४००० पिक्सेलमध्ये उभी असतील तर एकेकाच्या वाट्याला सुमारे ४४४ पिक्सेल येतात. त्यातले ३१२ गेले की टोकाच्या माणसाचं काय उरणार? फक्त उजवीकडून कापा म्हटलं असतं तर आजी वाचली असती, पण त्या टोकाचा एक अख्खा माणूस आणि त्याच्या शेजारच्याचा खांदा गेला असता.

आता हाच फोटो, त्याच जागेवरून, त्याच फोनने ४:३ वर काढला असता तर? ४००० बाय ३००० मधून ३:२ साठी ४००० बाय २६६७ लागतं. म्हणजे कापायचे होते ३३३ पिक्सेल, तेही वरून आणि खालून. वरचं थोडं आभाळ गेलं असतं आणि खालचा थोडा खडक. नऊच्या नऊ माणसं तशीच राहिली असती.

यातून समजतं ते हे की फक्त 'किती कापलं जाणार' एवढंच बघून चालत नाही, 'कुठल्या बाजूने कापलं जाणार' हे महत्त्वाचं आहे. फोटो कागदापेक्षा लांबट असेल तर डावी-उजवीकडून कापला जातो, आणि आपल्या ग्रुप फोटोत माणसं तिथेच असतात. फोटो कागदापेक्षा चौकोनी असेल तर वरून-खालून कापला जातो, जिथे बहुतेक वेळा आभाळ आणि जमीन असते.

आजीला पुन्हा त्या खडकावर नेणं शक्य नव्हतं, त्यामुळे दुसरा फोटो काढू म्हणायची सोय नव्हती. मग असा मार्ग काढला की फोटो कापायचाच नाही. १२ इंच रुंदी पूर्ण घेतली तर १६:९ च्या हिशोबाने उंची होते ६.७५ इंच. कागद ८ इंचाचा. उरलेला सव्वा इंच वर आणि खाली पांढरी पट्टी म्हणून सोडला. फ्रेममध्ये ती पट्टी मुद्दाम ठेवलेल्या बॉर्डरसारखी दिसते. तुमच्याकडेही असा जुना फोटो असेल तर स्टुडिओत स्पष्ट सांगा: "फोटो कापू नका, पूर्ण बसवा, पांढरी पट्टी आली तरी चालेल." प्रिंटच्या सॉफ्टवेअरमध्ये कागद भरायचा की फोटो पूर्ण बसवायचा, असे दोन्ही पर्याय असतात. तुम्ही काही सांगितलं नाही तर सहसा कागद भरला जातो.

अर्ध्या खान्याचा नियम

प्रत्येक वेळी एवढं गणित कोण करणार? त्यासाठी एक सोपा नियम आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड लाइन्स सुरू करा. स्क्रीनवर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा येतात आणि नऊ खाने तयार होतात. आता नियम असा: चारही बाजूंच्या कडेच्या खान्यांचा बाहेरचा अर्धा भाग रिकामा ठेवायचा. तिथे आभाळ, पाणी, गवत, भिंत काहीही असू दे. पण डोकं, पाय, हात किंवा पाटीवरचं अक्षर तिथे नको.

अर्धाच खाना का? ४:३ चा आडवा फोटो टीव्हीसाठी १६:९ केला तर वरून आणि खालून साडेबारा-साडेबारा टक्के जातात. तोच चौकोनी केला तर डावी-उजवीकडून साडेबारा-साडेबारा टक्के. उभा फोटो रीलच्या ९:१६ आकारात कापला तरी दोन्ही बाजूंनी तेवढेच. एक खाना म्हणजे ३३ टक्के, त्याचा अर्धा म्हणजे साडेसोळा. म्हणजे साडेबारा टक्के कापले गेले तरी माणूस आणि कड यांच्यात थोडी जागा उरते. ४ बाय ६ च्या प्रिंटला तर याहून कमीच कापलं जातं.

या नियमासाठी माणसं रांगेत पसरवण्याऐवजी दोन ओळींत घ्या. नऊ जण असतील तर पाच उभे आणि चार पुढे बसलेले. गट जवळजवळ चौकोनी होतो आणि मधल्या जागेत नीट मावतो. आजीसारखं कोणी बसणार असेल तर त्यांना टोकाला न ठेवता पुढच्या ओळीत मधोमध बसवा. कुठल्याही आकारात कापा, त्या जाणार नाहीत.

जागा कमी पडते म्हणून लगेच ०.६ च्या रुंद लेन्सवर जाऊ नका. त्या लेन्समध्ये कडेची माणसं ताणलेली, जाड दिसतात. शक्य असेल तर दोन पावलं मागे जा. पण सहस्रकुंडसारख्या ठिकाणी हे मागे बघूनच करा. ओल्या शेवाळलेल्या खडकावर स्क्रीनकडे बघत उलटं चालायचं नाही. मागे जायला जागा नसेल तर माणसांना एकमेकांजवळ आणा, तुम्ही सरकू नका.

मग उभा कधी, आडवा कधी?

अर्ध्या खान्याचा नियम एका गोष्टीत मदत करू शकत नाही. आडव्या फोटोचा उभा करायचा असेल किंवा उभ्याचा आडवा, तर तो तोकडा पडतो. ४००० बाय ३००० च्या आडव्या फोटोतून रीलच्या आकाराचा उभा तुकडा कापला तर रुंदी उरते फक्त १६८७. म्हणजे ५८ टक्के फोटो गेला. धबधब्यासमोरच्या नऊ माणसांतली त्यात चारसुद्धा पूर्ण येणार नाहीत. उभ्या फोटोचा टीव्हीसाठी आडवा केला तरी एवढंच जातं, आणि मग माणसाचे पाय जातात किंवा डोकं.

म्हणून इथे आधीच ठरवावं लागतं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हा फोटो शेवटी कुठे बघितला जाणार आहे? स्टेटस आणि रील म्हणजे हातात उभा धरलेला फोन, तिथे उभा. टीव्ही, यूट्यूबचा मोठा व्हिडिओ आणि त्याचं थंबनेल, तिथे आडवा, कारण ते १६:९ असतात. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी उभा चांगला. २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोनी खाने बदलून ३:४ चे उभे खाने केले. त्यामुळे ४:३ वर काढलेला उभा फोटो तिथे जवळजवळ जसाच्या तसा बसतो. भिंतीवरच्या फ्रेमसाठी मात्र विषय बघा. एकटं माणूस किंवा जोडपं असेल तर उभा, मोठं कुटुंब असेल तर आडवा.

दोन्हीकडे वापरायचा असेल तर दोन फोटो काढा. एक आडवा, लगेच फोन फिरवून एक उभा. पाच सेकंदांचं काम आहे. पण दुसऱ्या फोटोत फक्त फोन फिरवून भागत नाही. आडव्या रांगेचा उभा फोटो काढायला गेलात तर वर-खाली नुसतं आभाळ आणि खडक येईल आणि माणसं मुंग्यांएवढी दिसतील. उभ्यासाठी माणसांना जवळ आणा, दोन ओळी करा, नाहीतर दोघा-तिघांचेच वेगळे फोटो घ्या.

स्टेटसला आडवा फोटो ठेवला तर तो कापला जात नाही, वर-खाली रिकामी जागा सोडून छोटा दिसतो. ते चालेल की नाही हे तुमच्यावर आहे. पण बोटांनी ओढून स्क्रीनभर मोठा केलात की कडेची माणसं गेलीच म्हणून समजा.

व्हिडिओत आणखी काळजी का?

व्हिडिओमध्ये चूक सुधारायला जागा कमी असते. बहुतेक फोन व्हिडिओ १६:९ मध्ये घेतात, म्हणजे सेन्सरचा काही भाग आधीच वापरात नसतो. शिवाय हात हलल्याचा परिणाम कमी करण्यासाठी फोन चारही कडांचा थोडा भाग राखून ठेवतो. म्हणून फोटो मोडमधून व्हिडिओ मोडमध्ये गेलात की दृश्य जवळ आल्यासारखं वाटतं. माणसं आधी फोटोसाठी उभी केली असतील तर व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी टोकाचे दोघं दिसतात का, हे पुन्हा बघा.

रेकॉर्डिंग सुरू करताना फोन ज्या दिशेला असेल तीच दिशा व्हिडिओला कायम राहते. उभा सुरू करून मध्येच आडवा केलात तर पुढचा व्हिडिओ आडवा पडलेला दिसेल. रांगोळी किंवा ताट वरून शूट करताना फोन जमिनीला समांतर असतो, तेव्हा उभा की आडवा हे फोनलाही नीट कळत नाही. अशा वेळी स्क्रीनवरची चिन्हं कोणत्या दिशेला वळली आहेत ते बघा आणि मगच लाल बटण दाबा.

रीलसाठी उभा व्हिडिओ घेत असाल तर ग्रिडची खालची ओळ चेहऱ्यासाठी वापरू नका. रीलमध्ये तिथे तुमचं नाव, कॅप्शन आणि गाण्याची पट्टी येते, आणि उजव्या कडेला लाइक-कमेंटची बटणं. चेहरा मधल्या ओळीत ठेवा. रीलचं कव्हर प्रोफाइलवर ३:४ मध्ये दिसतं, त्यामुळे वरचे आणि खालचे साडेबारा टक्के तिथे झाकले जातात. कव्हरवर गावाचं नाव लिहिणार असाल तर अगदी वर लिहू नका.

आडवा व्हिडिओ उभ्या फोनवर आणि उभा व्हिडिओ टीव्हीवर, दोन्ही छोटे दिसतात. उभा व्हिडिओ टीव्हीच्या रुंदीचा एक तृतीयांशही भाग भरत नाही. लग्नाचा किंवा नामकरणाचा व्हिडिओ सगळे मिळून टीव्हीवर बघणार असतील, तर तो आडवाच घ्या.

प्रिंट काढायला जाताना

४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ ही तिन्ही मापं एकाच प्रमाणाची, म्हणजे ३:२ ची आहेत. ४:३ चा आडवा फोटो यांत बसवताना वरून-खालून मिळून ११ टक्के जातात. पण ८ बाय १० चं प्रमाण ५:४ आहे. तिथे तोच फोटो डावी-उजवीकडून कापला जातो, मिळून ६ टक्के. म्हणजे ८ बाय १२ मध्ये सगळी माणसं आली म्हणून ८ बाय १० मध्येही येतील असं नाही. शिवाय फ्रेमची लाकडी कड चारही बाजूंनी फोटोचे काही मिलिमीटर झाकते. म्हणून आधी तयार फ्रेमचं माप विचारा आणि मग फोटो त्या मापात कापून बघा. फोनच्या गॅलरीत एडिट, क्रॉप असं गेलात की ३:२, ५:४ असे पर्याय दिसतात. तिथे चौकट सरकवून कोण वाचतं, कोण जातं ते दुकानात जाण्याआधीच कळतं.

क्रॉप करताना मूळ फोटो जपून ठेवा. नवी प्रत तयार करण्याचा पर्याय असेल तर तोच निवडा.

आणि शेवटची गोष्ट, फोटो स्टुडिओला पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर व्हॉट्सॲप तो बारीक करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४००० बाय ३००० च्या मूळ फोटोतून उभा तुकडा कापला तर १६८७ बाय ३००० पिक्सेल मिळतात आणि ८ बाय १२ चा प्रिंट चांगला येतो. १६०० बाय १२०० मधून तोच तुकडा कापला तर हातात ६७५ बाय १२०० पिक्सेल येतात. त्यातून ८ बाय १२ काढला तर इंचाला शंभर पिक्सेलसुद्धा येत नाहीत, आणि चेहरे फिसकटलेले दिसतात.

आता एक काम लगेच करा. तुमचा कॅमेरा उघडा, प्रमाण ४:३ वर आणा आणि ग्रिड सुरू करा. अनेक फोन ही सेटिंग लक्षात ठेवतात, पण घरातल्या दुसऱ्या कोणी फोन हाताळला असेल तर ती बदललेली असू शकते. त्यामुळे पुढच्या ग्रुप फोटोआधी एकदा वरच्या पट्टीकडे नजर टाका.